शेवटची स्लाइड कुणाची?

पावसाळा सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आरोग्याच्या माहितीचे कॅरोसेल फिरू लागतात. कॅरोसेल म्हणजे एकामागून एक सरकवत पाहायच्या चित्रांची मालिका. मूळ पोस्ट इन्स्टाग्रामवरची असते, तिथून कुणीतरी चित्रं उतरवून घेतं आणि ती ग्रुपवर येतात. रंग छान, अक्षर मोठं, कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह. शेवटच्या स्लाइडवर बहुतेक वेळा 'आवडलं तर शेअर करा, फॉलो करा' एवढंच असतं.

माझं या शेवटच्या स्लाइडशी भांडण आहे. पण ती चुकते तेव्हा आधीच्या स्लाइडही बहुधा चुकलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथून करतो. उदाहरण एकच घेतो, कारण त्यात चूक झाली तर पोराच्या जिवावर बेतू शकतं. लहान मुलाला जुलाब झाल्यावर घरी ओआरएस कसं द्यायचं, ही कृती.

नववीच्या वर्गात माहितीपत्रक लिहायला शिकवताना मी मुलांसमोर असा परिच्छेद ठेवतो. आपल्याकडची पत्रकं साधारण याच भाषेत असतात:

'बालकास अतिसार झाल्यास शरीरातील पाणी व क्षार कमी होऊन जलशुष्कता होते. अशा वेळी हात स्वच्छ धुऊन एक लिटर पिण्यायोग्य पाण्यात ओआरएसचे पाकीट विरघळवावे अथवा पाकीट उपलब्ध नसल्यास सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून द्रावण तयार करावे व ते २४ तासांत वापरावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकास पाव ते अर्धा कप व त्यावरील बालकास अर्धा ते एक कप द्रावण द्यावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. स्तनपान व आहार सुरू ठेवावा, झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्याव्यात व गंभीर लक्षणे आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा.'

यात चुकीचं काहीच नाही. पण रात्री दोन वाजता, कडेवर किरकिरणारं पोर घेऊन हे वाचून कुणी द्रावण बनवू शकेल, असं मला वाटत नाही.

याचं कॅरोसेल करा म्हटलं की पहिला मोह होतो तो प्रत्येक वाक्याला एक स्लाइड देण्याचा. 'एका स्लाइडवर एक कल्पना' हा नियम सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि कल्पना म्हणजे वाक्य, असं सगळे धरून चालतात. कृती सांगताना कल्पनेचं माप वाक्य नसतं. माणूस फोनकडे बघतो, फोन बाजूला ठेवतो, हाताने काहीतरी करतो आणि पुन्हा फोन उचलतो. या दोन बघण्यांच्या मधे जे काम होतं, ती एक कल्पना. हात धुणं हे एक काम. पाणी मोजून पाकीट ओतणं हे एक काम. उलटी झाल्यावर थांबणं हे वेगळं काम, कारण ते कदाचित तासाभराने करायचं असतं.

हे माप लावलं की काही वाक्यं फुटतात आणि काही जोडली जातात. जोडली जाणारी जास्त महत्त्वाची आहेत. 'एक लिटर पाणी घ्या' ही एक स्लाइड आणि 'पाकीट टाका' ही दुसरी, असं मुलं हटकून करतात. दिसायला ते नियमाला धरून आहे, पण ओआरएसचं सगळं बळ पाण्याच्या आणि पाकिटाच्या प्रमाणात आहे. पाकिटं दोन मापांची मिळतात. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं आणि लहान २०० मिलिलिटरसाठी, म्हणजे साधारण पेलाभर पाण्यासाठी. मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवलं तर द्रावण पाचपट तीव्र होतं आणि रक्तातलं मीठ धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. लहान पाकीट लिटरभर पाण्यात टाकलं तर ते इतकं पातळ होतं की क्षारांची भरपाईच होत नाही. त्यात ग्रुपवर चित्रं सुटी सुटी पुढे जातात. कुणी तिसरं चित्र पाठवतं आणि दुसरं राहून जातं. म्हणून ज्या दोन गोष्टींमधलं नातं हीच मुख्य माहिती आहे, त्या कधीही दोन स्लाइडवर नेऊ नयेत. पाणी आणि पाकीट एका स्लाइडवर. घरच्या द्रावणातलं पाणी, साखर आणि मीठ तिन्ही एका स्लाइडवर.

आता 'अथवा' या शब्दाकडे पाहा. परिच्छेदात तो बिनबोभाट बसतो, कॅरोसेलमध्ये त्याला जागाच नसते. स्लाइड एका रेषेत येतात, त्यांना फाटा फुटत नाही. पाकिटाच्या स्लाइडनंतर लगेच साखर-मिठाची स्लाइड आली, तर काही जण दोन्ही करतात. पाकीट टाकतात आणि वर साखरही घालतात, पोराला गोड लागेल म्हणून. यावर उपाय एकच आहे. पर्यायाच्या स्लाइडवर सगळ्यात मोठ्या अक्षरांत कृती नको, अट हवी. 'पाकीट मिळालंच नाही तर' ही ओळ आधी आणि ठळक, कृती तिच्याखाली.

अट कुठे ठेवायची, हा प्रश्न पहिल्या स्लाइडलाही लागू होतो. ही माहिती कुणासाठी नाही, ते आधी सांगायला हवं. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला जुलाब झाले तर घरी प्रयोग करत बसायचं नसतं. अंगावरचं दूध पाजत थेट दवाखान्यात न्यायचं असतं. हे वाक्य नवव्या स्लाइडवर ठेवलं तर त्या आईने आठ स्लाइड उगाच वाचल्या. ते पहिल्या स्लाइडवर हवं, म्हणजे तिला सरकवावंच लागणार नाही.

एवढं ठरल्यावर स्क्रिप्ट अशी होते:

१. बाळाला पातळ शौच सुरू झाली? पहिल्या वेळेपासूनच ओआरएस द्या. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान असेल तर थेट दवाखान्यात न्या.

२. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा.

३. पाकिटावर किती पाणी लिहिलंय ते वाचा. पिण्याचं पाणी तेवढंच मोजा आणि पाकीट पूर्ण टाका. वर काहीही घालू नका.

४. पाकीट मिळालंच नाही तर: १ लिटर पिण्याचं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ.

५. प्रत्येक पातळ शौचानंतर: दोन वर्षांखाली पाव ते अर्धा कप, दोन वर्षांवर अर्धा ते एक कप.

६. उलटी झाली? १० मिनिटं थांबा. मग चमच्या-चमच्याने पुन्हा द्या.

७. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा.

८. उरलेलं द्रावण २४ तासांनी फेकून द्या. नवं बनवा.

९. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून किंवा दवाखान्यातून घ्या. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या.

१०. यातलं एकही दिसलं तर लगेच दवाखाना: पीतच नाही किंवा प्यायलेलं सगळं उलटून टाकतंय. सुस्त पडलंय, उठवलं तरी नीट उठत नाही. शौचात रक्त आहे. डोळे खोल गेलेत, लघवी जवळजवळ होत नाही. गाडी नसेल तर १०८.

परिच्छेदातलं 'जलशुष्कता' कुठे गेलं, असं कुणी विचारेल. ते खालच्या मजकुरात गेलं. कारण समजून घेणं चांगलंच, पण कारण वाचून हात हलत नाही. साखर मिठाला आतड्यातून आत घेऊन जाते आणि त्यांच्यामागे पाणी जातं, म्हणून दोन्ही लागतात. साखर जास्त झाली तर ती उलट आतड्यात पाणी खेचते आणि जुलाब वाढतात. हे ज्याला वाचायचं आहे तो फोटोखालचा मजकूर उघडतो. एक खूण मात्र मी चौथ्या स्लाइडवर चित्राखाली बारीक अक्षरात ठेवीन: द्यायच्या आधी चाखून पाहा, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून द्या. चूक झाली की नाही ते ओळखण्याची ही घरगुती परीक्षा आहे आणि ती त्याच कामाचा भाग आहे.

'सपाट' शब्दाचंही तेच. लिहून भागत नाही, कारण आपल्याकडे चमचा म्हटलं की शिगोशीग भरलेलाच डोळ्यांसमोर येतो. तिथे चित्र हवं. चमच्यावरून सुरीची पाठ फिरवून वरचा ढीग काढला जातोय, असं एक चित्र शंभर शब्दांचं काम करतं. लिटरचंही तसंच. घरात मापाचं भांडं नसतं, पण लिटरची पाण्याची बाटली बहुतेक घरांत सापडते. तीही नसेल तर २०० मिलिलिटरचे पाच पेले. चित्रात बाटली दाखवायची, प्रयोगशाळेतलं खुणांचं भांडं नाही.

मी दोन भाषा शिकवतो, म्हणून आणखी एका ठिकाणी थांबतो. आमच्याकडच्या अनेक घरांत आई उर्दू वाचते, मुलं मराठी शाळेत जातात आणि आजीला दोन्ही फक्त ऐकून कळतं. अशा घरासाठी कॅरोसेलचं भाषांतर करताना शब्दकोश पुरत नाही. मराठीत 'जुलाब' म्हणजे आजार. उर्दूत 'जुलाब' म्हणजे पोट साफ करण्यासाठी घेतलेलं औषध, आणि आजाराला 'दस्त' म्हणतात. पहिल्या स्लाइडवरचं 'जुलाब' तसंच ठेवलं तर उर्दू वाचणारी बाई गोंधळणारच. म्हणूनच वरच्या स्क्रिप्टमध्ये मी 'पातळ शौच' लिहिलं आणि उर्दूत 'दस्त' लिहीन. त्याहून अवघड जागा चौथ्या स्लाइडवर आहे. मराठी 'मीठ' आणि उर्दू 'मीठा' या शब्दांत कानाला एका काना-मात्रेचा फरक आहे, अर्थात खारट आणि गोड एवढा. मुलगा मराठीतून वाचून दाखवतोय आणि आजी दक्खनी कानाने ऐकतेय, अशा घरात 'अर्धा चमचा मीठ, सहा चमचे साखर' हे वाक्य उलटंपालटं व्हायला वेळ लागत नाही. मराठी स्लाइडवरही 'मीठ (नमक)' लिहावं आणि मिठाच्या पुडीचं चित्र द्यावं, असं माझं मत आहे. भाषाशुद्धीचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे जरा सबुरी दाखवावी.

उर्दू स्लाइडच्या मांडणीतही एक खोच आहे. मजकूर उजवीकडून डावीकडे वाचला जातो, म्हणून काही जण 'पुढे' दाखवणारा बाणही डावीकडे काढतात. पण ज्याचा फोन इंग्रजीत किंवा मराठीत चालतो, त्याच्याकडे पुढची स्लाइड उजवीकडून येते, स्लाइडवरची लिपी कुठलीही असो. बाण लिपीच्या दिशेने काढला तर बोट उलटं फिरतं. मी बाण काढायचाच नाही म्हणतो. त्याऐवजी प्रत्येक स्लाइडवर 'दहापैकी तिसरी' असं शब्दांत लिहावं. चित्रं सुटी फिरली तरी आपल्याकडे आलेलं अर्धवट आहे, हे त्यावरून कळतं. नस्तालीक लिपीला उंची जास्त लागते. मराठीत चार ओळी मावतात तिथे उर्दूत तीनच नीट वाचता येतात. तेव्हा दोन्ही भाषांत करायचं असेल तर मजकुराची लांबी उर्दूच्या मापाने आधी ठरवावी.

आता शेवटची स्लाइड. मूळ परिच्छेदात होतं 'गंभीर लक्षणे आढळल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा'. गंभीर म्हणजे काय, हे जिला माहीत आहे तिला तुमचं कॅरोसेल नकोच आहे. जिला माहीत नाही तिला या वाक्यातून काहीच मिळालं नाही. स्पष्ट शेवट म्हणजे डोळ्यांना दिसेल अशी खूण आणि तिच्यापुढे एकच कृती. दहाव्या स्लाइडवर चार ओळी आहेत म्हणून नियम मोडला, असं वाटेल. मोडलेला नाही, कारण चारही ओळी एकाच प्रश्नाचं उत्तर देतात: घरी थांबायचं की निघायचं? निर्णय एक आहे, खुणा चार आहेत.

माझ्या एका सहकाऱ्याचा आक्षेप असा: 'सर, फॉलो करा असं लिहिलं नाही तर पोस्ट पोहोचणार कशी? पोहोचलीच नाही तर तुमच्या खुणा कोण वाचणार?' आक्षेप खोटा नाही. मोफत काम करणाऱ्या संस्थेला पोहोच लागतेच. पण ती विनंती फोटोखालच्या मजकुरात करता येते, संस्थेचं नाव प्रत्येक स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरात देता येतं. शेवटच्या स्लाइडची जागा त्याला देऊ नये. तिच्यापुढे सरकवायला काही उरत नाही, म्हणून माणूस तिथेच थांबतो, आणि थांबलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे राहतं ते त्याच्या कामाचं असावं. माझी कसोटी सोपी आहे. फक्त शेवटची स्लाइड कुणाला पाठवली तर तिचा उपयोग होतो का? 'फॉलो करा' या कसोटीत नापास होते. 'शौचात रक्त आहे, लगेच दवाखाना' पास होते.

हा विचार नवा नाही. १९७१च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावला कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांच्याकडे शिरेतून द्यायचं सलाइन पुरेसं नव्हतं. त्यांनी मीठ-ग्लुकोजचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. औषध इतकं साधं होतं की ते नीट सांगणं हाच उपचाराचा अर्धा भाग झाला. पुढे १९८०पासून बांगलादेशात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर जाऊन आयांना मीठ-गुळाचं द्रावण शिकवू लागल्या. त्यांचं मानधन किती घरं केली यावर ठरत नसे. नंतर दुसरं कुणी जाऊन पाहायचं की त्या आईला मुद्दे किती आठवतात आणि द्रावण नीट बनवता येतं का. त्यावर पैसे ठरायचे. आपल्या कॅरोसेलचं यश आपण लाइकवर मोजतो. त्यांनी ते आईच्या भांड्यातल्या द्रावणावर मोजलं.

तशी परीक्षा आपल्यालाही घेता येते आणि तिला खर्च नाही. पोस्ट टाकण्याआधी घरातल्या, ही माहिती नसलेल्या माणसाच्या हातात फोन, पाकीट, भांडं आणि चमचा द्या. तोंडातून एक शब्द काढू नका, फक्त पाहा. माणूस मागे सरकवून आधीची स्लाइड पुन्हा पाहू लागला, तर तुम्ही जोडलेलं राहायला हवं होतं ते तोडलंय. एकाच स्लाइडवर रेंगाळून हात थांबला, तर तिथे दोन कामं कोंबलीत. त्याने तुम्हाला प्रश्न विचारला, तर त्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही स्लाइडवर नाही. माझे विद्यार्थी ही परीक्षा आपल्या खालाजान, फुफी, आजी यांच्यावर करतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न असतो, 'कुठला चमचा?' म्हणूनच वरच्या स्क्रिप्टमध्ये 'चहाचे' हा शब्द आला.

या प्रकाराला मर्यादाही आहेत. जिथे कृतीला दोनापेक्षा जास्त फाटे फुटतात, तिथे कॅरोसेल करूच नये. मोठ्या माणसाला मधुमेह आहे, किडनीचा त्रास आहे, अशा वेळी ओआरएस किती द्यायचं, याची स्क्रिप्ट मी लिहिणार नाही. 'असं असेल तर चौथी स्लाइड, तसं असेल तर सातवी' असं सांगावं लागलं की तो प्रश्न डॉक्टरचा झाला. ज्या घरात एकच फोन असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो, तिथेही हे चालत नाही. तिथे तिसरी, चौथी आणि दहावी स्लाइड एका कागदावर छापून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलेली बरी. त्या तिघींत कृती आणि धोका दोन्ही येतात.

जुम्म्याच्या नमाजनंतर पत्रकं वाटणाऱ्या, ग्रुप चालवणाऱ्या तरुणांना माझं सांगणं एवढंच आहे. पहिली स्लाइड सजवण्यात तुमचा निम्मा वेळ जातो. यापुढे लिहायला शेवटच्या स्लाइडपासून बसा. ही माहिती वाचून झाल्यावर त्या आईला कोणता एक निर्णय घ्यायचा आहे, ते आधी लिहा. मग त्या निर्णयापर्यंत पोहोचायला तिच्या हातांना कोणकोणती कामं करावी लागतील, ती मोजा. जेवढी कामं, तेवढ्या स्लाइड. बोधचिन्हाला तळाशी जागा उरेलच.